आत्याच्या चित्रांशेजारी काय लिहायचं?

*माझी आत्या शेवटची बरीच वर्षं मनोरुग्णालयात होती. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत दीडशेच्या आसपास चित्रं सापडली. सगळी बॉलपेनने, रुग्णालयाच्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूला काढलेली. इमारती, यंत्रांसारखं काहीतरी, असंख्य समांतर रेघा, आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट, तिच्यात न कळणारे आकडे. एका गॅलरीला ती ‘आउटसायडर आर्ट’ म्हणून दाखवायची आहेत. माहितीपत्रकात ‘कलेचा गंधही नसलेली, स्किझोफ्रेनियाग्रस्त स्त्री’ असं छापणार आहेत. तरुणपणी ती एका इंजिनिअरिंग कंपनीत ट्रेसर होती, पण त्याचा इथे काही संबंध नसावा. बाबा म्हणतात, तिचं नाव होतंय तर होऊ दे. मला ते शब्द खटकतात, पण का, ते नीट सांगता येत नाही. होकार द्यावा का?*
*– एक भाची*

स. न.

प्रदर्शनाला होकार द्या, त्या मजकुराला देऊ नका. आणि गॅलरीशी पुढचं काही बोलण्याआधी ट्रेसरच्या नोकरीकडे परत या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे.

कॉम्प्युटर येण्याआधी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरचं काम काय असे, ते आज फारसं कुणाला आठवत नाही. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेला नकाशा तो किंवा ती पारदर्शक कागदावर किंवा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून घेई, आणि त्यावरून पुढे प्रिंट निघत. बाह्यरेषा जाड, मापाच्या रेषा बारीक, झाकलेल्या कडा तुटक. यंत्राचा भाग कापून दाखवायचा असेल तर कापलेल्या पृष्ठावर 45 अंशांत समांतर रेघा ओढायच्या, त्याला हॅचिंग म्हणतात. दोन वेगळे भाग एकमेकांना चिकटून असतील तर एकाच्या रेघा डावीकडे कललेल्या, दुसऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे वाचणाऱ्याला जोड कुठे आहे ते कळतं. उजव्या खालच्या कोपऱ्यात शीर्षकाची चौकट: ड्रॉइंग क्रमांक, स्केल, तारीख, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं.

आता ट्रंक उघडा आणि चार गोष्टी बघा. रेघांचा कल शेजारच्या भागात उलटतो का? रेघांच्या जाडीत ठरलेला फरक आहे का? मापाच्या रेषांना दोन्ही टोकांना बाण आहेत का? आणि चौकटीतले आकडे कुठल्या क्रमाने वाढतात? त्यातला एखादा आकडा तारखेसारखा दिसला, तर चित्रं कधी आणि कुठल्या क्रमाने काढली हे तिनेच लिहून ठेवलंय असं समजा. रुग्णालयात काढलेल्या चित्रांच्या बाबतीत असा क्रम क्वचितच हाती लागतो. माझा अंदाज चुकूही शकेल, म्हणून जुन्या ड्रॉइंग ऑफिसात काम केलेलं कुणी निवृत्त माणूस शोधा आणि त्याला दहा-बारा कागद दाखवा. या कामात मानसशास्त्रज्ञापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

समजा अंदाज बरोबर निघाला. मग ‘कलेचा गंधही नसलेली’ हे विधान सरळ खोटं ठरतं. तिचा हात शिकलेला होता. ती शाळा कलेची मानली जात नाही, एवढंच.

गॅलरीवाले मुद्दाम खोटं बोलताहेत असं मला वाटत नाही. ते एक ठरलेली गोष्ट सांगताहेत, आणि त्या गोष्टीचा साचा तुमच्या आत्याहून जुना आहे. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे 1945 मध्ये स्वित्झर्लंडला गेला, तिथल्या मनोरुग्णालयांतली चित्रं पाहून भारावला आणि ती जमवू लागला. त्याने या कलेला ‘आर ब्र्यूट’ म्हटलं, म्हणजे कच्ची, प्रक्रिया न केलेली कला. 1949 मध्ये पॅरिसला तिचं प्रदर्शन भरवताना त्याने तिची व्याख्या केली: कलासंस्कृतीचा स्पर्श न झालेल्या माणसांनी, सगळं काही स्वतःच्या आतून काढून केलेली कामं. 1972 मध्ये रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाच्या पुस्तकाने त्याच कल्पनेला ‘आउटसायडर आर्ट’ हे नाव दिलं आणि ते बाजारात रुळलं. द्युब्युफेचा संग्रह 1976 पासून लोझानच्या संग्रहालयात आहे. तो संग्रह नसता तर त्यातली कितीतरी कामं जळून किंवा रद्दीत गेली असती, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण व्याख्या मात्र पहिल्यापासून गळकी होती. गास्ताँ शेसाक हा चांभारकाम केलेला माणूस आधी त्या संग्रहात होता. पुढे त्याला मुख्य संग्रहातून काढून दुय्यम विभागात टाकलं, कारण त्याची चित्रकार-लेखकांशी फार ओळख होती. शेसाकची चित्रं तीच राहिली. बदललं ते त्याच्याविषयी द्युब्युफेला असलेलं ज्ञान. आणि संग्रहाचा जो मेरुमणी, बर्नजवळच्या वाल्डाउ रुग्णालयातला अडॉल्फ वुल्फ्ली, तो मासिकांतली चित्रं कापून चिकटवत असे. 1929 च्या एका कामात तर अमेरिकन टोमॅटो सूपच्या डब्याची जाहिरात आहे. बंद वॉर्डातही जग येत होतं.

तुम्हाला जे खटकतंय ते मला फ्रान्झ पोल याच्या कहाणीतून सांगायचंय. हान्स प्रिन्झहॉर्न हा कलेतिहास शिकलेला डॉक्टर. पहिल्या महायुद्धानंतर त्याने हायडेलबर्गच्या मानसोपचार विभागात अनेक रुग्णालयांतून चित्रं गोळा केली, सुमारे 450 रुग्णांची 5000 च्या आसपास. 1922 मध्ये त्याने त्यावर सचित्र ग्रंथ काढला आणि त्यात दहा जणांवर स्वतंत्र प्रकरणं लिहिली. त्यातला एक पोल. रंगीत पेन्सिलीने काढलेलं त्याचं गळा दाबणाऱ्या देवदूताचं चित्र या सगळ्या साहित्यात पुन्हा पुन्हा छापलं जातं. जर्मन चित्रपरंपरेतल्या थोर नावांशी त्याची तुलना प्रिन्झहॉर्ननेच केली होती.

पोल हे त्याचं नाव नव्हतं. रुग्णाची ओळख झाकायची म्हणून प्रिन्झहॉर्नने टोपणनावं दिली होती, आणि त्या काळी त्यात गैर काही नव्हतं. खरं नाव फ्रान्झ कार्ल ब्यूलर. जन्म 1864, ओफेनबुर्गचा. व्यवसायाने कलालोहार: नक्षीदार फाटकं आणि जाळ्या घडवणारा, आणि इतका तरबेज की 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या कामाला बक्षीस मिळालं होतं. स्ट्रासबुर्गच्या उपयोजित कलांच्या शाळेत त्याने शिकवलं होतं. मग आजार, आणि उरलेलं सगळं आयुष्य संस्थांमध्ये.

प्रिन्झहॉर्नला त्याचा व्यवसाय माहीत होता आणि त्याने तो नोंदवलाही. तरीही पुढच्या वाचकांनी ‘वेड्यांची कला’ या पेटीत घातलेला पोलच उचलला. ज्यांनी त्या चित्रांतली वळणं ‘आजाराची लय’ म्हणून वाचली, त्यांनी तापलेलं लोखंड वाकवणाऱ्या हाताचा विचारच केला नाही. माझं म्हणणं असं नाही की आजाराचा चित्रांशी संबंध नव्हता. म्हणणं इतकंच की दोन कारणं समोर असताना एकाला भिंतीवर जागा मिळाली आणि दुसऱ्याला तळटिपेत.

त्या पेटीचा दुसरा वापर आणखी भयंकर होता. नाझींनी आधुनिक कलेची बदनामी करायला 1937 मध्ये ‘अवनत कला’ हे प्रदर्शन काढलं. ते गावोगाव फिरवताना हायडेलबर्गच्या संग्रहातली कामं आधुनिक चित्रकारांच्या शेजारी टांगली, की बघा, फरक आहे का. मार्च 1940 मध्ये ब्यूलरला ग्राफेनेक इथे नेऊन मारलं गेलं, रुग्णांच्या सरकारी हत्येच्या मोहिमेत. प्रिन्झहॉर्नने त्याच चित्रांचं कौतुक केलं होतं, या मंडळींनी ती थट्टेला लावली, आणि दोन्ही वेळा पहिली ओळख ‘रुग्ण’ हीच होती.

दुसरं उदाहरण मार्टिन रामिरेझचं. हे मी गॅलरीवाल्यांसमोर ठेवीन, कारण त्यांना ते नाव माहीत असणार. मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातला हा शेतकरी 1925 मध्ये बायको-मुलांना मागे ठेवून कॅलिफोर्नियात मजुरीला गेला. रेल्वेवर आणि खाणींत राबला. मागे गावाकडे 1926 ते 1929 सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यात युद्ध पेटलं, त्यात त्याची शेतीवाडी उद्ध्वस्त झाली. मंदीत काम गेलं. 1931 मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि स्टॉकटनच्या सरकारी मनोरुग्णालयात टाकलं. इंग्रजी त्याला जेमतेम येत असावी. 1963 मध्ये मरेपर्यंत तो रुग्णालयांतच राहिला. कागदांचे तुकडे जोडून त्याने प्रचंड चित्रं केली. त्यात पुन्हा पुन्हा येतात बोगद्यात शिरणाऱ्या आगगाड्या, काडतुसांचे पट्टे बांधलेले घोडेस्वार, आणि सापावर उभी मेरी.

कित्येक दशकं त्याची ओळख ‘मुका, स्किझोफ्रेनिक मेक्सिकन’ अशी छापली जायची. बोगद्यांतून मनोविश्लेषणाला हवं ते काढलं गेलं, समांतर रेघांतून रोगाची सक्ती. मग व्हिक्टर आणि क्रिस्टिन एस्पिनोसा या समाजशास्त्रज्ञांनी साधी गोष्ट केली: हालिस्कोत जाऊन त्याचं कुटुंब शोधलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये 2007 साली त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात ही माहिती आली, आणि चित्रं वेगळी दिसू लागली. घोडेस्वार त्या युद्धातले. मेरी त्याच्या मुलखातल्या भक्तीतली. आगगाडी त्याच्या नोकरीची, आणि घराकडे जाणाऱ्या वाटेचीही. चित्रांचं गूढ यामुळे कमी झालं का? मला तरी वाटत नाही. आगगाडी कुठे जातेय हे कळल्यावरही तिच्याकडे बघत राहावंसं वाटतंच.

इथे कुणी विचारेल की ‘आउटसायडर’ सोडा, ‘स्वयंशिक्षित’ म्हणा, हा शब्द सौम्य आहे. तोही मला पुरत नाही. फ्रान्सिस बेकन कुठल्याही कलाशाळेत शिकला नव्हता. रवींद्रनाथ टागोर साठी उलटल्यावर गांभीर्याने चित्रांकडे वळले, शिक्षण नव्हतं, आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. दोघांनाही आधुनिक चित्रकार म्हणतात. मग ‘स्वयंशिक्षित’ कुणाला म्हणतात? ज्यांच्याकडे पैसा, पदवी, ओळखी किंवा योग्य वर्ण नव्हता त्यांना. अलाबामात गुलामगिरीत जन्मलेला बिल ट्रेलर याने ऐंशीच्या पुढे वय गेल्यावर माँटगोमरीच्या रस्त्यावर बसून, टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रं काढली; त्याला हा शब्द कायमचा चिकटला. हा शब्द शिक्षणाची माहिती देतो असा आव आणतो, आणि प्रत्यक्षात सांगतो ती सामाजिक पायरी.

म्हणजे या नावांना काहीच उपयोग नाही? आहे, आणि तो तुमच्या बाबांच्या बाजूचा आहे. न्यूयॉर्कला 1993 पासून आउटसायडर कलेची जत्रा भरते. त्या नावाखाली खरेदी करणारे लोक आहेत, संग्रहालयांत विभाग आहेत, अभ्यासक आहेत. त्या दारातून आत गेलं तर आत्याची चित्रं बघितली जातील, जपली जातील. म्हणून प्रदर्शनाच्या नावासाठी मी भांडत बसणार नाही. सामूहिक प्रदर्शन असेल तर दारावर त्यांना हवं ते लिहू द्या. चित्राशेजारच्या मजकुरावर मात्र तडजोड नको, कारण प्रदर्शन उतरतं आणि तो मजकूर पुढच्या प्रत्येक कॅटलॉगमध्ये नकलून घेतला जातो.

आजाराचं काय करायचं, हा तुमचा खरा पेच असणार. माझं मत असं: रुग्णालय लिहा, निदान लिहू नका. रुग्णालय ही जागा आहे. कागद तिथला, पेन तिथलं, वेळ तिथला. ते लपवलं तर चित्रं समजणार नाहीत, आणि लपवण्यात तिची लाजही वाटल्यासारखी होते. निदान ही त्या काळच्या कुणा डॉक्टरची नोंद, ती बरोबर होती की नव्हती हे आता तपासता येत नाही, आणि एकदा भिंतीवर गेली की प्रेक्षक प्रत्येक रेघेत तीच शोधतो. तिने स्वतः कुठे आजाराबद्दल लिहिलं असेल, चित्रात किंवा पत्रात, तर गोष्ट वेगळी. ते तिचे शब्द म्हणून द्या.

पाठकोऱ्या कागदांची दुसरी बाजू विसरू नका. फॉर्मांवर छापील मजकूर, तारखा, विभागाची नावं असतील. त्या फोटो काढून नोंदवा, चित्रांची तारीख ठरवायला कामी येतील. पण तिथे इतर रुग्णांची नावं किंवा तपशील असतील तर त्या बाजूचे फोटो गॅलरीला छापायला देऊ नका. त्या लोकांची परवानगी तुमच्याकडे नाही. कुणी फ्रेमवाला चित्रं पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू म्हणाला तर त्याला थांबवा: मागची बाजू कायमची जाते आणि कागद डागाळतो. जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरणारा माणूस शोधा. बॉलपेनची शाई उजेडाने उडते, म्हणून प्रकाश 50 लक्सच्या आत आणि एक चित्र एका वेळी तीनेक महिन्यांपेक्षा जास्त टांगलेलं नको, हे करारात घाला.

कराराचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. गॅलरीला पहिल्यांदा चित्रं उसनी द्या, विकायला नाही. देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा आणि पाठीवर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने तुमचा क्रमांक घाला. तिच्या चौकटीतले आकडे हाच क्रम असेल तर तोच वापरा. चित्र हातात असणं आणि ते छापण्याचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सहसा वारसांकडे असते. आत्याचे वारस नेमके कोण, हे वकिलाला विचारून आत्ताच ठरवा. ट्रेलरची चित्रं ज्याने जपली, त्या चार्ल्स शॅननवर ट्रेलरच्या वारसांनी 1992 मध्ये खटला भरला आणि पुढे तडजोड झाली. शिकागोचा हेन्री डार्गर 1973 मध्ये वारला, त्याचं काम त्याच्या घरमालकाने जपलं आणि जगापुढे आणलं, आणि 2022 मध्ये दूरचे नातेवाईक हक्क मागायला कोर्टात गेले. दोन्हीकडे सुरुवातीला कुणाची नियत वाईट होती असं नाही. किंमत शून्य असताना कागद कुणी केले नव्हते.

आता मजकूर. गॅलरीच्या वाक्याऐवजी असं काहीतरी द्या, रिकाम्या जागा भरून आणि जे सिद्ध होईल तेवढंच ठेवून:

*‘(पूर्ण नाव), जन्म … , मृत्यू … . इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात … ते … ट्रेसर. पुढे … पासून मनोरुग्णालयात वास्तव्य. ही चित्रं त्या काळातली. छापील फॉर्मच्या मागील बाजूस बॉलपेन. कोपऱ्यातले क्रमांक चित्रकर्तीचे. रेघांच्या कलात आणि जाडीत यांत्रिक आरेखनाचे संकेत दिसतात. आरेखनाचा विषय मात्र कुठल्याही ज्ञात यंत्राशी जुळत नाही.’*

शेवटचं वाक्य मी ट्रंक न बघता लिहिलंय, ते तुम्ही तपासाल. कदाचित एखादं यंत्र जुळेलही, तिच्या कंपनीत बनणारं. तसं झालं तर वाक्य बदला आणि यंत्राचं नाव लिहा. ‘आउटसायडर’ हा शब्द यात नाही, आणि गॅलरीने तो घालायचा आग्रह धरला तर ‘कशाच्या बाहेर?’ एवढं विचारा. समाधानकारक उत्तर आलं तर तेही लिहू द्या, त्यांच्या नावासकट.

कंपनी अजून चालू असेल तर जुन्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी मागा. नोकरीची वर्षं मिळाली तर बरंच. आणि तिने ट्रेस केलेलं एखादं ड्रॉइंग, कोपऱ्यात तिची आद्याक्षरं असलेलं, सापडलं तर ते चित्रांच्या शेजारी त्याच भिंतीवर टांगायला सांगा.